‘मार्गदर्शन करा’ म्हणजे नेमकं काय करा?

डिसेंबर उजाडला की संशोधन संस्थांमधल्या प्राध्यापकांच्या इनबॉक्समध्ये एका ठरावीक साच्याचे ई-मेल येऊ लागतात. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांची शोधाशोध सुरू झालेली असते. विषयाच्या ओळीत ‘मार्गदर्शनासाठी विनंती’ एवढंच. खाली ‘आदरणीय सर’, मग लहानपणापासूनची विज्ञानाची आवड, दहावी-बारावीचे टक्के, सरांच्या ‘मोलाच्या संशोधनकार्याचा’ गौरव आणि शेवटी ‘आपल्यासारख्या तज्ज्ञाचं मार्गदर्शन लाभल्यास मी ऋणी राहीन’. सोबत चार पानांचा बायोडेटा. कधी कधी ‘आदरणीय’नंतरचं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये असतं, आणि तोच मजकूर आणखी किती जणांना गेला असेल याचा अंदाज वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत येतो.

अशा मेलना बहुतेकदा उत्तर मिळत नाही. विद्यार्थी म्हणतो, मोठी माणसं गर्विष्ठ असतात. खरी अडचण वेगळी असते. ‘मार्गदर्शन करा’ या विनंतीला काय लिहायचं, हेच प्राध्यापकाला कळत नाही. ‘हो’ म्हटलं तर किती महिन्यांचं काम गळ्यात पडेल, सांगता येत नाही. ‘नाही’ म्हणायला जिवावर येतं. मग ‘सवडीनं बघू’ म्हणून मेल बाजूला पडतो आणि नव्या मेलच्या ढिगाखाली जातो.

यावर हमखास सल्ला मिळतो, तो मेल लहान करण्याचा. तो अर्धाच कामाचा आहे. ‘सर, तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?’ याहून लहान मेल कोणता असणार? पण उत्तर द्यायला तो सगळ्यात अवघड, कारण त्यात एका अनोळखी माणसाची किती काळाची जबाबदारी घ्यायची, हे न सांगता ती मागितलेली असते. म्हणून काटछाट करताना मेलच्या शब्दांइतकंच उत्तराच्या कष्टाकडेही लक्ष ठेवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, जुन्नर तालुक्यातली एक मुलगी भूशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गावात शेजारी-शेजारी दोन विहिरी आहेत. एक फेब्रुवारीत आटते, दुसरीला मे महिन्यातही पाणी असतं. हे असं का, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. बेसाल्ट खडकातल्या भूजलावर काम करणाऱ्या एका संशोधक बाईंचा निबंध तिनं वाचलाय आणि त्यांना लिहायचं ठरवलंय.

तिचा पहिला मसुदा दीड पानाचा होतो. पहिल्या परिच्छेदात महाराष्ट्रातली पाणीटंचाई किती गंभीर आहे, याचं वर्णन. हे वाचणाऱ्या बाईंचं आयुष्य त्याच प्रश्नात गेलेलं, त्यामुळे तो परिच्छेद पहिला गळतो. दुसऱ्यात गुण, स्पर्धा, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर. त्यातलं ‘शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी’ एवढंच उरतं, कारण उत्तर कोणत्या पातळीवर द्यायचं हे त्यावरून ठरतं. तिसऱ्यात ‘आपले निबंध अत्यंत प्रेरणादायी आहेत’. ही स्तुती निबंध न वाचताही करता येते. त्याऐवजी निबंधातली कोणती पद्धत तिनं प्रत्यक्ष वापरली, ते एका वाक्यात येतं. राहिला शेवटचा परिच्छेद, म्हणजे ‘मार्गदर्शन करावं ही नम्र विनंती’. तो नुसता खोडून भागत नाही. तिथे नेमकं काय अडलंय, ते शोधावं लागतं.

इथेच खरा वेळ जातो. ‘विहीर लवकर का आटते?’ हा प्रश्न पाठवला तर उत्तरादाखल एक व्याख्यान लिहावं लागेल. खडकाचे थर, भेगा, उपसा, चढ-उतार असं सगळंच त्यात येईल. पण तिचं अडलंय कुठे? हातात एक हंगाम आहे, सोबतीला एक मैत्रीण आहे, आणि दोन कामांपैकी एकच नीट करता येणार आहे. दर आठवड्याला दोन्ही विहिरींची पातळी मोजायची, की पंप बंद केल्यावर पाणी किती वेगानं पुन्हा चढतं ते मोजायचं? एवढं लक्षात आल्यावर मेल आपोआप आकार घेतो:

विषय: जुन्नरमधल्या दोन विहिरी – पातळी मोजू की पाणी भरण्याचा वेग?

मॅडम, नमस्कार.

मी बी.एस्सी. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. आमच्या गावात दीडशे मीटरवर दोन विहिरी आहेत, दोन्ही सुमारे 12 मीटर खोल. पहिली फेब्रुवारीत आटते, दुसरीत मे महिन्यात दीड-दोन मीटर पाणी असतं. तुमच्या निबंधातल्या पद्धतीनं मी दोन्हींच्या भिंतींवरचे थर नोंदवले. पहिलीत मुरुमाखाली तळापर्यंत काळा पाषाण आहे. दुसरीत 7 मीटरवर मांजऱ्याचा थर आहे आणि तिथून पाझर दिसतो. फरक या थरामुळे असावा, असं मला वाटतं.

येत्या हंगामात दोनपैकी एकच काम नीट जमेल: (अ) दर आठवड्याला पातळी मोजणं, की (ब) उपशानंतर पाणी भरण्याचा वेग मोजणं. तुम्ही आधी कोणतं केलं असतं?

‘अ’ की ‘ब’ एवढं कळवलंत तरी पुरे. मोजमापांचा तक्ता एका पानाचा आहे, हवा असल्यास पाठवते.

मुरूम म्हणजे वरचा झिजलेला खडक, काळा पाषाण म्हणजे घट्ट बेसाल्ट आणि मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला ठिसूळ थर. विहीर खणणाऱ्यांच्या तोंडचे हे शब्द या विषयातल्या माणसाला लगेच समजतात. बाई हा मेल बसस्टॉपवर उभ्या राहून वाचू शकतात आणि तिथूनच उत्तरही देऊ शकतात: ‘आधी ब. पावसाळ्यानंतर लगेच एकदा आणि जानेवारीत एकदा कर. शेजारचे पंप किती तास चालतात तेही लिहून ठेव, नाहीतर आकड्यांना अर्थ राहणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य तिनं विचारलंच नव्हतं. प्रश्न नेमका असला की तज्ज्ञाला त्यातली उणीव दिसते आणि ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंपाच्या तासांची नोंद नसेल तर एक विहीर थरामुळे आटतेय की जास्त उपशामुळे, हे ठरवता येणार नाही, ही गोष्ट त्या मुलीच्या ध्यानातच आली नव्हती.

अनोळखी माणसाला लिहिलेल्या अशा पत्रांमधलं आपल्याकडचं सर्वांत प्रसिद्ध पत्र 16 जानेवारी 1913 चं आहे. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंड पगारावर कारकुनी करणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डींना ते लिहिलं. आपण कोण आणि पगार किती, हे सुरुवातीच्या ओळींतच येतं. विद्यापीठाचं शिक्षण नाही, हेही ते लपवत नाहीत. त्यानंतर ते थेट हार्डींच्या ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या पुस्तिकेच्या 36 व्या पानावर येतात. दिलेल्या संख्येपेक्षा लहान अशा मूळ संख्या किती, हे सांगणारं निश्चित सूत्र अजून सापडलेलं नाही, असं विधान तिथे आहे. आपल्याला असं सूत्र सापडलंय, असा रामानुजन यांचा दावा होता. सोबत त्यांनी शंभराहून अधिक प्रमेयं जोडली होती.

मूळ संख्यांबद्दलचा तो दावा पुढे सदोष ठरला. पण पत्राचं काम झालं होतं. हार्डींना आधी ही कुणाची तरी बनवाबनवी वाटली. मग सहकारी लिटलवुड यांच्यासोबत त्यांनी कागद तपासले. त्यांचं उत्तर 8 फेब्रुवारीचं आहे आणि त्यात त्यांनी सिद्धता मागितल्या. केंब्रिजच्याच हॉब्सन आणि बेकर या गणितज्ञांकडून मात्र रामानुजनना दाद मिळाली नव्हती, असं सांगितलं जातं. म्हणजे पत्र रामानुजनचं असलं तरी दाद मिळेलच, याची खात्री नसते. शिवाय शंभर प्रमेयं जोडण्याचा मार्ग त्यांना चालून गेला, कारण त्यातली काही अशी होती की हार्डींना कागद खाली ठेवता आला नाही. इतरांसाठी एक पानाचा तक्ता, तोही मागितल्यावर, हेच बरं.

पाठवण्याआधी मेल तपासण्याची एक सोपी रीत आहे. त्याचं उत्तर स्वतःच लिहून पाहायचं, समोरच्याच्या जागी बसून. तीन वाक्यांत ते मावत नसेल तर प्रश्न मोठा आहे. उत्तर त्याच माणसाच्या निबंधात किंवा संस्थेच्या वेबसाइटवर सापडत असेल तर तो प्रश्न विचारायचाच नाही. आणि मेलमधलं नाव बदलून तो दुसऱ्या कुणालाही जसाच्या तसा पाठवता येत असेल, तर तो अजून नेमका झालेला नाही.

काटछाटीचा अतिरेकही होतो. ‘अ की ब?’ विचारताना त्यामागची परिस्थिती गाळली तर प्रश्न परीक्षेतल्या पर्यायांसारखा होतो आणि वाचणाऱ्याला उलट विचारावं लागतं, ‘कुठली विहीर? किती खोल?’ हा उलटा प्रश्न टाळण्यापुरती माहिती मेलमध्ये हवीच. जुन्नरच्या मेलमध्ये खोली, अंतर, आटण्याचा महिना आणि थर राहिले ते याचसाठी. गावाची लोकसंख्या आणि सरासरी पाऊस गेले, कारण त्यांच्याविना निवड करता येते.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलला जोडून दोन ओळींची आठवण एकदा करावी. ‘माझा मेल मिळाला का?’ असं विचारण्यापेक्षा ‘ऑक्टोबरमध्ये मोजणी सुरू करायची आहे, तोवर कळलं तर उपयोग होईल’ असं लिहिलेलं बरं. तरीही शांतता असेल तर दुसऱ्या माणसाकडे वळावं, आणि त्याच्या कामाशी जुळेल असा मेल नव्यानं लिहावा. ‘हा माझा विषय नाही, अमक्यांना विचार’ असं एका ओळीचं उत्तर आलं तर तेही कामाचं. पुढच्या मेलची सुरुवात त्या नावानं करता येते.

उत्तर आलं की बहुतेक जण ‘खूप खूप धन्यवाद’ लिहून थांबतात. त्या मुलीचा खरा दुसरा मेल जानेवारीत जायला हवा, दोन्ही चाचण्या आणि पंपांचे तास हाती आल्यावर: दुसऱ्या विहिरीत पाणी किती पटीनं लवकर चढलं, शेजारचा पंप रोज किती तास चालत होता, आणि आता अडलंय ते कुठे. अनोळखी बाई तिच्या मार्गदर्शक झाल्या, तर ते बहुधा अशा तिसऱ्या-चौथ्या मेलच्या सुमाराला होईल, आणि ‘मार्गदर्शन’ हा शब्द तोवर एकाही मेलमध्ये आलेला नसेल.