हिशेबनीस नोकरी सोडतो तेव्हा : चुकत्या हिशेबाच्या तीन रकमा

कापड बाजारात माणूस नोकरी सोडतो तेव्हा त्याला बहुधा एकच उत्तर मिळते, "सीझन आटोपू द्या, मग बसून हिशेब करू." आम्हीही वर्षानुवर्षे असेच सांगत आलो. यंदा जानेवारीत आमच्या पेढीवरच्या जुन्या हिशेबनीसाने राजीनामा दिला आणि त्याचा हिशेब मांडताना आमच्याच तीन-चार समजुती चुकीच्या ठरल्या. व्यापारी बंधूंना उपयोग व्हावा म्हणून तो हिशेब आकड्यांसह येथे देत आहोत.

आधी मुदतीचे पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेप्रमाणे नोकराने स्वतः राजीनामा दिला असला तरी त्याचे राहिलेले वेतन नोकरी संपल्यापासून कामाच्या दोन दिवसांत द्यावे लागते. पूर्वी ही घाई मालकाने काढून टाकलेल्या माणसापुरती होती, आता राजीनाम्यालाही आहे. ग्रॅच्युइटीची मुदत वेगळी, ती ३० दिवसांची, आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज चढते. म्हणून हिशेबाचे दोन कागद करावेत. एक पगार, रजा आणि नोटीस यांचा, दुसरा फक्त ग्रॅच्युइटीचा. हे दोन कागद एकमेकांत का मिसळू नयेत ते पुढे येईल.

आता आमच्या हिशेबनीसाची हकीकत. तो १२ जून २०१४ रोजी कामावर लागला. १६ जानेवारी २०२६ रोजी त्याने राजीनाम्याचे पत्र दिले आणि ३१ जानेवारीला काम सोडले. त्याचा महिन्याचा पगार असा होता : मूळ पगार व महागाई भत्ता मिळून रु. १६,९००, घरभाडे भत्ता रु. १४,०००, प्रवास भत्ता रु. ८,९००. हातात येणारी एकूण रक्कम, कपातीपूर्वी, रु. ३९,८००. याशिवाय पेढी त्याच्या भविष्य निर्वाह निधीत दरमहा रु. १,८०० भरत असे. सर्व मिळून रु. ४१,६००.

यातले 'वेतन' किती, हा पहिला प्रश्न. आम्ही आजवर मूळ पगार आणि महागाई भत्ता एवढेच वेतन धरत आलो. भत्ते मोठे आणि मूळ पगार लहान ठेवण्याची चाल बाजारात जुनी आहे, कारण त्यामुळे फंड आणि ग्रॅच्युइटी कमी बसते. नव्या संहितेने ही वाट अरुंद केली आहे. घरभाडे, प्रवास भत्ता, मालकाचा फंडातील वाटा, कमिशन अशा काही रकमा वेतनातून वगळता येतात, पण या वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरची रक्कम परत वेतनात मिळवावी लागते.

आमच्या हिशेबनीसाच्या बाबतीत वगळलेल्या रकमा १४,००० अधिक ८,९०० अधिक १,८००, म्हणजे रु. २४,७०० होत्या. एकूण ४१,६०० चे निम्मे २०,८००. म्हणजे रु. ३,९०० जास्त. ते १६,९०० मध्ये मिळवले की त्याचे कायद्याने धरायचे वेतन रु. २०,८०० झाले. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर चालतो. हा आकडा चुकला तर खालची प्रत्येक ओळ चुकते.

आता नोटीस. नोकराने किती दिवसांची नोटीस द्यायची हे नेमणूकपत्रात लिहिलेले असते. आमच्या पत्रात "एक महिन्याची, म्हणजे ३० दिवसांची नोटीस, अथवा कमी पडलेल्या दिवसांचे वेतन" असे होते. पत्र १६ तारखेला मिळाले, म्हणून मोजणी १७ जानेवारीपासून. ३१ पर्यंत १५ दिवस भरले, १५ कमी पडले.

येथे भागाकार कशाने करायचा यावर आमच्याच गादीवर वाद झाला. आमच्या धाकट्या भागीदाराने २०,८०० ला २६ ने भागून १५ ने गुणले आणि रु. १२,००० काढले. हे बरोबर नव्हे. नोटिशीचे दिवस पंचांगाचे दिवस असतात, त्यांत रविवारही मोजले जातात. म्हणून भागाकार ३० ने. २०,८०० भागिले ३० गुणिले १५, म्हणजे रु. १०,४००. रविवार मोजून दिवस वाढवायचे आणि रविवार वगळून दर वाढवायचा, असे दोन्हीकडून घेतले तर नोकराचे रु. १,६०० उगाच जातात. ज्या पेढीच्या नेमणूकपत्रात नुसता 'पगार' असा शब्द आहे, तेथे तो भत्त्यांसह की भत्त्यांशिवाय, हा तंटा ठरलेलाच. पत्र आपणच लिहिलेले असते, तेव्हा मोघम शब्दाचा फायदा आपण घेऊ पाहणे टिकत नाही. नवीन नेमणुका करताना शब्द स्पष्ट लिहावा.

यानंतर रजा. आमच्या पेढीवर पंचवीस माणसे आहेत, त्यामुळे महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आम्हाला लागू आहे. त्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कामाच्या दर २० दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा मिळते आणि अशी रजा जास्तीत जास्त ४५ दिवस साठवता येते. हिशेबनीसाची २०२४ अखेरची शिल्लक १८ दिवस होती. २०२५ मध्ये तो २८० दिवस कामावर होता, त्याचे १४ दिवस जमा झाले. त्या वर्षात त्याने ११ दिवस रजा घेतली. राहिले २१. जानेवारी २०२६ मध्ये चार रविवार आणि २६ जानेवारी सोडून २६ दिवस काम झाले, त्याचा एक दिवस आम्ही आपणहून धरला. एकूण २२ दिवस.

रजा कामाच्या दिवसांतून मिळते, तिच्यात रविवार नसतो, म्हणून येथे भागाकार २६ ने. २०,८०० भागिले २६ म्हणजे रोजचे रु. ८००. बावीस दिवसांचे रु. १७,६००. रजेच्या नोंदीत नेहमी होणारी चूक अशी की चालू सालची जमा रजा वर्ष संपेपर्यंत चढवलीच जात नाही आणि माणूस मध्येच गेला की ती बुडते. आमच्याही रजा-वहीत २०२५ चे १४ दिवस चढवलेले नव्हते. हिशेबनीसाने हजेरीपट काढून दाखवला तेव्हा ते दिसले.

शेवटी ग्रॅच्युइटी. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या पेढीला ती लागू होते आणि एकदा लागू झाली की पुढे माणसे दहाच्या खाली गेली तरी लागूच राहते. राजीनामा देणाऱ्याची सलग पाच वर्षे भरलेली असावी लागतात. मुदतबंद करारावरच्या माणसासाठी नव्या संहितेत पाच वर्षांची अट राहिलेली नाही. दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिन्याचे दिवस २६ धरून. शेवटच्या वर्षाचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर पूर्ण वर्ष धरायचे.

१२ जून २०१४ ते ३१ जानेवारी २०२६ म्हणजे अकरा वर्षे आणि साडेसात महिन्यांहून अधिक. म्हणून बारा वर्षे. रोजचे ८००, गुणिले १५, गुणिले १२, म्हणजे रु. १,४४,०००. जुन्या सवयीने १६,९०० वर हिशेब केला असता तर रु. १,१७,००० आले असते. नव्या व्याख्येचा फरक रु. २७,०००. आमच्या भागीदाराने २०२० च्या टाळेबंदीचे महिने वजा करता येतील का, असेही विचारले. येत नाहीत. नोकराचा दोष नसताना काम बंद राहिले तर सेवा सलगच धरली जाते.

आता खरी अडचण. हिशेबनीसाकडे उचलीचे रु. ६,००० बाकी होते आणि नोटिशीचे १०,४०० वसूल करायचे होते. आमचा विचार सरळ होता की ग्रॅच्युइटीतून दोन्ही वळते करावे आणि बाकी द्यावे. आमच्या कामगार सल्लागाराने तेथेच हात धरला. ग्रॅच्युइटी जप्त करता येते ती ठरावीक कारणांनीच, म्हणजे माणसाला नुकसानीबद्दल, मारहाणीबद्दल किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याबद्दल कामावरून काढले असेल तर. राजीनामा त्यात बसत नाही. नोटीस कमी पडली किंवा उचल बाकी आहे म्हणून ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. "माझे काही येणे नाही" अशी सही घेऊन ठेवली तरी हा हक्क संपत नाही.

पगारातूनही वाटेल तेवढे कापता येत नाही. एका महिन्याच्या कपाती वेतनाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. आम्ही कमीत कमी आकडा, म्हणजे २०,८०० चे निम्मे १०,४०० हीच मर्यादा धरली. फंडाचे १,८००, व्यवसाय कराचे २०० आणि उचलीचे ६,००० मिळून ८,००० झाले, ते मर्यादेत बसले. नोटिशीचे १०,४०० रजेच्या रकमेतून वळते करण्याला हिशेबनीसाने आपल्या हाताने लेखी संमती दिली. तो म्हणाला, "शेठ, नोटीस माझीच कमी पडली, ती मी नाकारत नाही. फक्त ग्रॅच्युइटी पूर्ण द्या." त्याने संमती दिली नसती तर ती रक्कम आम्हाला वेगळी मागावी लागली असती.

पहिला कागद असा झाला : जानेवारीचा पगार ३९,८००, वजा कपाती ८,०००, राहिले ३१,८००. रजेचे १७,६००, वजा नोटीस १०,४००, राहिले ७,२००. देणे रु. ३९,०००. १ फेब्रुवारीला रविवार होता, म्हणून कामाचा दुसरा दिवस मंगळवार, ३ फेब्रुवारी. त्या दिवशी रक्कम त्याच्या बँक खात्यात गेली. दुसरा कागद ग्रॅच्युइटीचा, रु. १,४४,०००, कसलीही वजावट नाही, शेवटची तारीख २ मार्च. आम्ही फेब्रुवारीतच चुकता केला. त्याच्या फंडाचे पैसे या हिशेबात येत नाहीत, ते त्याच्या खात्यात जमाच असतात. आपण फक्त नोकरी सोडल्याची तारीख फंडाच्या नोंदीत वेळेवर भरावी, नाहीतर त्याचा अर्ज अडकतो.

ज्यांच्या पेढीवर जुनी माणसे आहेत त्यांनी एक काम आजच करावे. प्रत्येकाचे वेतन नव्या व्याख्येने काढून, सेवेची वर्षे समोर लिहून, आज तो गेला तर किती द्यावे लागेल हे वहीत मांडावे. आम्ही पंचविसांचे मांडले तेव्हा आलेली बेरीज आमच्या दिवाळीच्या मालाच्या खरेदीएवढी निघाली. ती रक्कम तोवर आमच्या कोणत्याही खात्यावर देणे म्हणून लिहिलेलीच नव्हती.