तोंड वाकडं झालं : बेल्स पाल्सी की पक्षाघात?

आजच्या व्याख्यानाची सुरुवात आपण एका रुग्णापासून करू. वय अठ्ठेचाळीस, शाळेत पी.टी.चे शिक्षक. आदल्या रात्री त्यांच्या डाव्या कानामागे ठणकत होतं. सकाळी चूळ भरताना पाणी डाव्या बाजूनं गळायला लागलं. तरी ते शाळेत गेले. मैदानावर शिट्टी तोंडात धरली, तर हवा सगळी कोपऱ्यातून निसटली. मुलं हसली, आणि सहकारी शिक्षक म्हणाले, "सर, तुमचं तोंड वाकडं झालंय."

मग सल्ल्यांची रांग लागली. शेजारी म्हणाले वारं गेलं, गरम तेलानं चोळा. भावाला वाटलं हा पक्षाघातच. भावानं त्यांना गाडीत घालून दुपारी आमच्याकडे आणलं, आणि ते फार बरं केलं. तोंड अचानक वाकडं झालं की घरी बसून निदान करायचं नसतं.

आता बघू, आम्ही काय तपासलं. त्यांना सांगितलं, "सर, कपाळाला आठ्या घाला." उजवीकडे आठ्या पडल्या, डावं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट. मग म्हटलं, "डोळे घट्ट मिटा." उजवा मिटला. डावा अर्धा उघडाच राहिला आणि बुबुळ वर सरकून फक्त पांढरा भाग दिसला. दात दाखवायला सांगितल्यावर तोंड उजवीकडे ओढलं गेलं. म्हणजे डावा चेहरा वरपासून खालपर्यंत सगळाच दुबळा.

यात कपाळाला एवढं महत्त्व का? चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणारी नस म्हणजे सातवी मेंदू-नस, दोन्ही बाजूंना एकेक. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या उजव्या आणि डाव्या अशा दोन्ही भागांतून हुकूम येतात. चेहऱ्याच्या खालच्या भागाला मात्र मुख्यतः विरुद्ध बाजूच्या भागातून येतात. त्यामुळे पक्षाघातात मेंदूच्या एका भागाचं नुकसान झालं, तरी दुसरा भाग कपाळ सांभाळून घेतो. तोंड वाकडं होतं, पण आठ्या पडतात. बेल्स पाल्सीत दोन्हीकडचे हुकूम व्यवस्थित निघतात, पण ते पोचवणारी शेवटची तारच बंद पडलेली असते. म्हणून कपाळही जातं. स्कॉटलंडचे शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या नसेचा अभ्यास केला, त्यांचं नाव या आजाराला मिळालं.

ही नस कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते. तिथे तिला सूज आली की पसरायला जागा नसते, नस आवळली जाते. सूज का येते हे प्रत्येक वेळी सांगता येत नाही. बऱ्याचदा अंगात आधीपासून झोपलेला हर्पिसचा विषाणू जागा होत असावा असं मानलं जातं. याच नसेच्या फांद्या कानात आणि जिभेकडेही जातात. म्हणून त्या बाजूला आवाज मोठे वाटतात, जिभेची चव बिघडते. सरांनाही सकाळचा चहा बेचव लागला होता.

वेगही पाहायचा. बेल्स पाल्सी काही तासांत ते दोन-तीन दिवसांत वाढत जाते. पक्षाघात बहुधा क्षणात येतो, आणि सोबत हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं किंवा तोल जाणं असतं. यातलं काही असेल, तर कपाळ कसंही असो, लगेच मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूच्या देठात पक्षाघात झाला तर कपाळही जाऊ शकतं. शिवाय गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. म्हणून आठ्यांची परीक्षा डॉक्टरांसाठी आहे, घरी थांबायचं की नाही हे ठरवण्यासाठी नाही.

आम्ही सरांचा कानही पाहिला. कानात पुरळ किंवा फोड असतील तर तो नागिणीचा विषाणू, उपचार वेगळे. कानातून पू येत असेल, किंवा चेहरा कित्येक आठवडे हळूहळू दुबळा होत गेला असेल, तर ती बेल्स पाल्सी नव्हे. कारण शोधावं लागतं. सरांचं यातलं काही नव्हतं.

आता औषध. स्टेरॉइडचं नाव काढलं की लोक घाबरतात. पण इथे सूज उतरवणारं प्रेडनिसोलोन हेच खरं औषध, आणि ते पहिल्या 72 तासांत सुरू झालं पाहिजे. 2007 साली स्कॉटलंडमधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 25 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा दिवस दिलं. तीन महिन्यांनी औषध घेतलेल्या शंभरातले सुमारे 83 जण पूर्ण बरे झाले होते, न घेतलेल्यांतले 64. नऊ महिन्यांनी हे आकडे 94 आणि 82 होते. म्हणजे पुष्कळ जण औषधाशिवायही बरे होतात, पण औषधानं कायमचं वाकडेपण राहण्याचा धोका बराच कमी होतो. त्याच अभ्यासात विषाणूविरोधी ॲसायक्लोव्हिर एकट्यानं उपयोगी ठरलं नाही.

सरांना आम्ही 60 मिलिग्रॅम रोज सकाळी नाश्त्यानंतर, पाच दिवस दिलं; मग रोज दहा-दहानं कमी करत दहाव्या दिवसानंतर बंद. सर मधुमेही होते. तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतरची साखर 290 झाली. सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडनं साखर दुपारी-संध्याकाळी चढते, म्हणून फक्त उपाशीपोटीची तपासून फसायला होतं. आम्ही तेवढ्या दिवसांपुरती मधुमेहाची औषधं वाढवली. मधुमेह, अल्सर, क्षयरोग किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि डोस स्वतः ठरवू नका.

खरी चूक झाली ती डोळ्यात. सर म्हणाले होते, "रात्री कापसाची पट्टी बांधून झोपतो, डॉक्टर." आम्ही तेव्हा पुरेसं समजावलं नाही. पट्टीखाली पापणी उघडली आणि कापूस बुबुळावर घासत राहिला. चौथ्या सकाळी डोळा लाल, टोचतोय, उजेड सहन होत नाही. नेत्रतज्ज्ञांनी रंगीत थेंब टाकून पाहिलं, तर बुबुळावर ओरखडा. वेळेत कळलं म्हणून औषधांनी तो काही दिवसांत भरला. दुर्लक्ष झालं असतं तर तिथे जखम होऊन दृष्टी गमवावी लागली असती. चेहरा पुन्हा सरळ होतो, पण बुबुळावर पडलेला डाग राहून जातो.

मग योग्य काय? दिवसा दर एक-दोन तासांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब. रात्री डोळ्यात जाड मलम, मग बोटानं वरची पापणी हळूच खाली ओढून पूर्ण मिटवायची, आणि त्यावर कागदी चिकटपट्टी लावायची. डोळा खरोखर मिटलाय का हे घरच्या माणसानं बघावं. बाहेर पडताना, विशेषतः दुचाकीवर, चष्मा घालावा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये. डोळा दुखला, लाल झाला किंवा धूसर दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

सरांच्या कपाळावर तिसऱ्या आठवड्यात बारीक आठी दिसली, आणि अडीच महिन्यांनी तोंड सरळ झालं. तीन-चार महिन्यांत काहीच हालचाल आली नाही, तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. सरांना त्या लागल्या नाहीत. शेवटच्या भेटीत त्यांनी खिशातून शिट्टी काढून दवाखान्यातच वाजवली.