पंचवीस मिनिटांवर अडकलेले पाच किलोमीटर

चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेबारा फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर. प्रत्येक फेरी बरोबर २ मिनिटांत मारली, तर २५ मिनिटे होतात. पळायला लागल्यानंतरच्या पहिल्या वर्षात बरेच जण ३२-३३ मिनिटांवरून इथपर्यंत येतात आणि मग गाडी अडते. वर्ष उलटते, बूट बदलून होतात, वजन दोन किलो उतरते, पण शर्यतीत आकडा २५:०५, २५:२०, २४:५८ असाच घोटाळत राहतो. अशा माणसाला बहुतेकदा एकच सल्ला मिळतो: आणखी जोर लाव. माझ्या मते नेमका हाच सल्ला त्याला तिथे अडकवून ठेवतो.

असा एक धावक डोळ्यांसमोर आणू. वय ३८, नोकरी बैठी, आठवड्यातून चार दिवस पळणारा, सर्वोत्तम वेळ २५:०५. त्याची डायरी उघडली तर साधारण असे दिसेल: मंगळवारी ५ किलोमीटर, किलोमीटरला ५:३० या गतीने, गुरुवारी ५ किलोमीटर ५:२५ने, शनिवारी ५ किलोमीटर ५:३५ने, रविवारी ७ किलोमीटर ५:४०ने. एकूण २२ किलोमीटर. तो आळशी अजिबात नाही. प्रत्येक दिवशी घामाघूम होऊन, धापा टाकत घरी येतो.

त्याच्या २५:०५ या वेळेवरून आणखी एक आकडा काढता येतो. शर्यतीच्या दिवशी, पूर्ण तयारीने, साधारण तासभर टिकवता येईल अशी त्याची सर्वांत वेगवान गती किलोमीटरला ५:२०च्या आसपास येते. या गतीला धावक थ्रेशोल्ड किंवा टेम्पो म्हणतात. तिच्या खाली असेपर्यंत स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट शरीर त्याच वेगाने वापरून टाकते. ती ओलांडली की उत्पादन वापराच्या पुढे जाते, स्नायूंतली आम्लता वाढते, श्वास तुटायला लागतो आणि मग किती वेळ टिकायचे हे जणू घड्याळ लावून ठरते.

आता डायरी पुन्हा पाहा. त्याचा प्रत्येक दिवस थ्रेशोल्डपेक्षा जेमतेम ५ ते २० सेकंदांनी हळू आहे. म्हणजे दमणूक जवळपास टेम्पोइतकी, पण टेम्पोचा पुरता फायदा नाही. आणि सावकाश पळण्याचा जो फायदा असतो, तोही नाही, कारण एवढ्या दमलेल्या पायांना आठवड्याला २२ किलोमीटरच्या पुढे जाताच येत नाही. पहिल्या वर्षी याच पळण्याने प्रगती झाली, कारण तेव्हा शरीराला काहीही नवीनच होते. आता तेच अंतर, तोच रस्ता आणि तीच गती शरीराच्या अंगवळणी पडली आहे. बदलण्याचे काही कारणच त्याला उरलेले नाही.

नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी उच्च दर्जाच्या धावपटूंचे, स्कीइंग करणाऱ्यांचे आणि नौकानयनपटूंचे सराव तपासले. त्यात सुमारे ८० टक्के सराव अगदी सोपा आणि उरलेला खरोखर कठीण, अशी विभागणी त्यांना वारंवार दिसली. आठवड्याला २२ किलोमीटर पळणाऱ्याने हे प्रमाण मोजपट्टी लावून पाळायची गरज नाही. घ्यायचे ते एवढेच, की सोपा दिवस सोपा आणि कठीण दिवस कठीण असला पाहिजे, आणि दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात फार रेंगाळायचे नाही.

आपल्या धावकासाठी सोपे म्हणजे किलोमीटरला ६:१५ ते ६:४५. हे ऐकल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. २७ मिनिटांत होणाऱ्या ५ किलोमीटरला आता साडेबत्तीस मिनिटे लागणार आणि शेजारून ओळखीचे लोक पुढे जाणार. पण या गतीला हृदयावर आणि स्नायूंवर जे काम होते ते खरे असते: हृदयाचा प्रत्येक ठोका जास्त रक्त ढकलू लागतो, स्नायूंतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात. पाच किलोमीटर ही शर्यत वेगाची वाटते, पण २५ मिनिटांच्या त्या पळण्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्यानेच येते. गती सोपी आहे की नाही, हे पडताळायला घड्याळ लागत नाही. सोबतच्याला काल ऑफिसात काय झाले हे पूर्ण वाक्यांत, न थांबता सांगता आले पाहिजे. दोन-दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागला, तर गती जास्त झाली. (२२० वजा वय या सूत्राने काढलेल्या कमाल ठोक्यांवर फार विसंबू नये. एखाद्या माणसाच्या बाबतीत ते दहा-पंधरा ठोक्यांनी सहज चुकते.)

सोपे दिवस सोपे झाले की दोन गोष्टींना जागा होते: जास्त अंतर आणि एक खराखुरा टेम्पो. बारा आठवड्यांत हे कसे बसवायचे ते पाहू.

पहिले चार आठवडे मंगळवारी सोपे ५ किलोमीटर. शनिवारीही तेवढेच, पण शेवटी चार-पाच वेळा २० सेकंदांची सैल, वेगवान धाव घ्यायची आणि प्रत्येकीनंतर मिनिटभर चालायचे. या स्ट्राइड्समुळे पाय वेगाची सवय विसरत नाहीत आणि थकवाही येत नाही. रविवारी ८ किलोमीटर सोपे, ते हळूहळू १० पर्यंत न्यायचे. गुरुवार हा एकच कठीण दिवस: १०-१२ मिनिटे वॉर्मअप, मग ५:२०च्या गतीने ६-६ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये दीड मिनिट जॉगिंग, शेवटी १० मिनिटे सावकाश.

या गुरुवारीच सगळ्यांत जास्त गडबड होते. पहिला तुकडा ५:२०ने पळताना फारच सोपा वाटतो, म्हणून माणूस ५:०५ला जातो. तिसऱ्या तुकड्यात ५:२५वर घसरतो, घरी थकून येतो आणि सराव जोरदार झाला असे समजतो. प्रत्यक्षात त्याने टेम्पो सोडून अर्धवट शर्यत पळलेली असते. योग्य टेम्पोची खूण अशी, की शेवटचा तुकडा पहिल्याइतक्याच वेळात होतो आणि संपल्यावर आणखी एक तुकडा जमला असता असे वाटते. तो चौथा तुकडा त्या दिवशी करायचा नाही.

पुढच्या चार आठवड्यांत टेम्पो १०-१० मिनिटांचे दोन, मग सलग २० मिनिटे, असा लांबवायचा. गती तीच. एक पाचवा दिवसही जोडता येतो, ३०-३५ मिनिटे सोपे पळण्याचा. त्यामुळे आठवडा ३० किलोमीटरच्या आसपास जातो. दर चौथ्या आठवड्याला अंतर पाऊणपट करायचे. पोटऱ्यांतली किंवा नडगीच्या हाडावरची दुखणी नेमकी अंतर वाढवताना येतात. नडगीवर बोट ठेवल्यावर एकाच जागी दुखत असेल आणि पळताना ते वाढत जात असेल, तर ‘पळून मोकळे होईल’ म्हणू नये. पळणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे, ताणामुळे हाडाला गेलेला तडा असू शकतो.

शेवटच्या चार आठवड्यांत टेम्पोखेरीज दुसरा कठीण दिवस येतो, मंगळवारी, ट्रॅकवर: ८०० मीटर पाच वेळा, प्रत्येकी ३:५६ ते ४:००, मध्ये अडीच मिनिटे जॉगिंग. ही आजच्या शर्यतीचीच गती किंवा तिच्यापेक्षा किंचित वेगवान आहे. इंटरव्हल आधी न ठेवता शेवटी ठेवायचे, कारण त्यांचा फायदा लवकर दिसतो आणि लवकर थांबतो. नुसते इंटरव्हल मारून महिनाभरात २० सेकंद काढणारे आणि मग पुन्हा तिथेच अडकणारे पुष्कळ दिसतात, त्यांच्याकडे खालचा पाया नसतो.

योजना लागू पडते आहे का, हे साधारण सहाव्या आठवड्यापासून कळू लागते. त्याच रस्त्यावर, तशाच हवेत, हृदयाचे ठोके तेवढेच असताना सोप्या धावेची गती ६:३५वरून ६:२०कडे सरकते. हवेची अट महत्त्वाची आहे. मुंबईत किंवा कोकणात ऑक्टोबरच्या दमट सकाळी घाम वाळत नाही, शरीर थंड करायला रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच गतीला ठोके वाढतात. त्या दिवसांत गती सोडून श्वासावर पळावे आणि वेळेची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत द्यावी.

आठ आठवड्यांनंतरही काहीच हलत नसेल, सोपी धावही जड वाटत असेल, जिने चढताना दम लागत असेल, तर रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी असू शकतो. पाळी येणाऱ्या आणि शाकाहारी स्त्रियांत हे विशेष आढळते. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नयेत.

उरला शर्यतीचा दिवस. आपल्या धावकाचे २५:०५ कसे झाले होते? पहिला किलोमीटर ४:३५, मग ४:५५, ५:१०, ५:२० आणि शेवटचा ५:०५. पहिल्या पाच मिनिटांत कमावलेले पुढे व्याजासकट गेले. या वेळी लक्ष्य २४:१५ ठेवू. बारा आठवड्यांत पन्नासएक सेकंद ही मला रास्त अपेक्षा वाटते, त्याहून जास्त मागणे घाईचे होईल. त्यासाठी पहिला किलोमीटर ४:५३, पुढचे तीन ४:५२, शेवटचा ४:४६. ट्रॅकवर हे फेरीला १:५६ ते १:५७ येते, तेही सर्वांत आतल्या लेनमधून. बाहेरच्या लेनची फेरी चारशेपेक्षा लांब असते.

पहिला किलोमीटर इतका संयमाचा वाटेल की काहीतरी चुकतेय अशी शंका येईल. कस चौथ्या किलोमीटरला लागतो. तिथे शेवटच्या जोराची वेळ आलेली नसते आणि सुरुवातीचा ताजेपणा संपलेला असतो. त्या किलोमीटरला नुसते ४:५२ राखणे हेच काम.

रस्त्यावरच्या शर्यतीत जीपीएस घड्याळाचाही हिशेब ठेवावा लागतो. वळणे थोडी बाहेरून घेतली आणि घड्याळ थोडे चुकले, की शेवटच्या रेषेवर ५.०५ किलोमीटर दिसतात. घड्याळावर पूर्ण वेळ ४:५१ दिसत राहिले, तरी प्रत्यक्षात २४:२९ होतात. म्हणून घड्याळात ४:४८च्या आसपास दिसेल असे पळावे किंवा रस्त्यावर किलोमीटरच्या पाट्या असतील तर त्यांच्यावर स्वतः वेळ पाहावी.

शर्यतीनंतर आठ-दहा दिवस फक्त सोपे पळणे. खरोखर २४:१५ झाले असतील, तर नवा टेम्पो किलोमीटरला ५:१०च्या आसपास येतो आणि सोपी गतीही पाच-दहा सेकंदांनी पुढे सरकते. झाले नसतील, तर पुढचे बारा आठवडे ५:२० हाच टेम्पो ठेवून रविवारचे अंतर १२ किलोमीटरपर्यंत न्यायचे.