रबर बँड आणि बरोबरीचं चिन्ह

फळीवर सहा खिळे ठोका आणि सगळ्यांभोवती एक रबर बँड सोडा. बाहेरच्या खिळ्यांना अडून जो आकार तयार होतो, तो त्या बिंदूंचा ‘कॉन्व्हेक्स हल’, म्हणजे बहिर्वक्र कवच. संगणकाला खिळे दिसत नाहीत; त्याच्या हाती असतात नुसते आकडे. त्यावरून कवच काढायची ‘मोनोटोन चेन’ ही सुटसुटीत रीत ए. एम. अँड्र्यू यांनी १९७९ मध्ये मांडली.

आधी बिंदू डावीकडून उजवीकडे रांगेत लावायचे. X सारखा असेल तर कमी y चा आधी. मग त्याच क्रमाने चालत खालची कड बांधायची. नवा बिंदू आला की कडेवरचे शेवटचे दोन बिंदू a, b आणि नवा c घेऊन हे गणित करायचं:

```
(bx-ax)*(cy-ay) - (by-ay)*(cx-ax)
```

उत्तर धन आलं तर b पाशी वळण डावीकडे, म्हणजे b राहतो. ऋण आलं तर उजवीकडे. B काढून टाकायचा आणि त्याच्या मागच्या जोडीशी पुन्हा तपासायचं. मग उजवीकडून परत येत वरची कड तशीच बांधायची. रांग लावल्यावर काम झटपट होतं, कारण एका फेरीत प्रत्येक बिंदू एकदाच आत येतो आणि फार तर एकदाच बाहेर जातो.

आपले सहा खिळे (०,०), (०,३), (२,०), (२,१), (४,०), (४,३) असे आहेत. खालच्या कडेवर (०,०), (२,०), (२,१) जमलेले असताना (४,०) येतो. (२,१) पाशी उत्तर –२, तो गेला. आता (०,०), (२,०), (४,०): उत्तर शून्य! तिघे एका रेषेत आहेत. (२,०) ठेवायचा की काढायचा?

फक्त कोपरे हवे असतील तर `<= 0` आलं की काढा. हाती चार कोपऱ्यांचा आयत येतो. कडेवरचा प्रत्येक खिळा हवा असेल तर `< 0` लिहा. पण मग दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. एकाच जागेचे दोन बिंदू असतील तर तिथेही उत्तर शून्य येतं आणि दोन्ही टिकतात; म्हणून ते आधीच गाळावेत. शिवाय सगळेच बिंदू एका रेषेत असतील, तर मधले बिंदू खालच्या कडेतही येतात आणि वरच्याही. चार बिंदूंच्या रेषेचं ‘कवच’ मग सहा बिंदूंचं निघतं! उत्तरातले बिंदू दिलेल्या बिंदूंपेक्षा जास्त भरले, की चूक इथेच शोधावी.

अपूर्णांकांत तर शून्यावरही भरवसा नाही. संगणकाच्या नेहमीच्या दशांश हिशेबात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ भरत नाही, त्यामुळे सरळ रेषाही किंचित वळलेली दिसू शकते. मोजमाप मीटरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत असेल, तर ते आधी सेंटीमीटरच्या पूर्णांकांत करून घ्या. मग शून्य म्हणजे शून्यच.