कॉल तुटला तर पुढची दोन मिनिटं

समजा, सांगलीतल्या दोन खोल्यांच्या घरातून एक तरुण पुण्यातल्या कंपनीसाठी ऑनलाइन मुलाखत देणार आहे. वेळ बुधवारी सकाळी ११ ची. घरी फायबरचं कनेक्शन आहे, लॅपटॉप चार वर्षं जुना. उत्तरांची तयारी तो करेलच. खोलीची आणि यंत्रांची तयारी मात्र कॅमेऱ्यापासून नव्हे, विजेपासून सुरू करावी असं मला ठामपणे वाटतं.

वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण राउटरला बॅटरी नसते. दिवे गेले की त्याच क्षणी वाय-फाय जातं. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्याच्या लाइनवर आहे का ते बघावं, कारण बऱ्याच घरांत त्या लाइनवर फक्त दिवे आणि पंखे असतात. इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचून घ्यावं. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही सापडतात. नोंदवलेल्या मोबाइलवर महावितरणचा नियोजित वीजबंदीचा एसएमएस आला आहे का, तेही आदल्या दिवशी पाहावं.

आता इंटरनेट. झूमवर दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण ६०० केबीपीएस पुरतात, नुसत्या आवाजाला ६० ते ८०. म्हणजे शंभर एमबीपीएसचा प्लॅन असलेल्या घरात कॉल अडखळतो, तेव्हा वेग कमी नसतो. जोडणी स्थिर नसते. राउटर बाहेरच्या खोलीत आणि तुम्ही आत, मध्ये जाड भिंत, असं असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय भिंतीपलीकडे दुबळं होतं. लॅनची केबल टाकली तर हा प्रश्नच मिटतो. केबल नको असेल तर बसायची जागा राउटरच्या खोलीत घ्यावी. समोरच्यांचं बोलणं तुम्हाला स्वच्छ ऐकू येतं, पण त्यांना तुमचं तुटक ऐकू जातं, तर दोष बहुधा तुमच्याकडून जाणाऱ्या डेटाच्या वाटेत, म्हणजे अपलोडमध्ये असतो. अशा वेळी घरातल्या कुणाच्या फोनवरून फोटोंचा बॅकअप तर चालू नाही ना, ते आधी तपासावं. तरीही सुधारलं नाही तर विचारून कॅमेरा बंद करावा. आवाजाला फारच थोडा डेटा लागत असल्यामुळे बोलणं लगेच सुधारतं.

प्रकाशाचा नियम एकच: खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. खिडकी मागे असली की कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळवंडतो. लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणावा. मागे साधी भिंत चालते. खोटी पार्श्वभूमी जुन्या लॅपटॉपवर भार टाकते आणि केसांच्या कडा खाते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तो पडदे आणि गाद्या शोषून घेतात. वायरचा इअरफोन मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याचं चार्जिंग संपत नाही.

तालीम मंगळवारी सकाळी ११ लाच करावी. तोच उजेड, तोच शेजारचा आवाज, इंटरनेटवर तशीच गर्दी. मित्राला कॉल लावावा आणि बोलताबोलता राउटरचं बटण मुद्दाम बंद करावं. लॅपटॉपने फोनचा हॉटस्पॉट आपणहून पकडला का? त्यासाठी तो आधी एकदा जोडलेला आणि ‘Connect automatically’ वर टिक केलेली हवी. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर काही वेळ कुणी जोडलं नाही की हॉटस्पॉट बंद होतो. ती सेटिंग बदलून ठेवावी. सिम ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं असलं तर उत्तम, कारण एका कंपनीचा घोळ दोन्हीकडे होत नाही. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटला ‘Metered connection’ केलं की अपडेट शक्यतो डेटा खात नाहीत.

लॅपटॉपच अडकला तर फोनवरून थेट जोडता यावं, म्हणून ॲप आधी टाकून लॉगइन करून ठेवावं. फोनवरून आत जाताना लॅपटॉप अजून कॉलमध्ये असेल तर दोन्ही माइक मिळून प्रतिध्वनी होतो. म्हणून लॅपटॉपचा आवाज आणि माइक आधी बंद करावा. एचआरचा नंबर कागदावर लिहून स्क्रीनशेजारी ठेवावा.

मुलाखत सुरू होताच एक वाक्य बोलून टाकावं: “कनेक्शन तुटलं तर मी याच लिंकवर दोन मिनिटांत परत येतो, नाही आलो तर कृपया माझ्या मोबाइलवर फोन करावा.” कॉल तुटलाच तर आधी तीच लिंक उघडावी. वेटिंग रूम असेल तर आत घेण्याचं काम समोरच्यांचं असतं, म्हणून पुन्हापुन्हा बाहेर पडून आत येऊ नये. मिनिटभर थांबून एचआरला मेसेज करावा: “लिंकवर परत आलो आहे, वेटिंगमध्ये आहे.” आत गेल्यावर एकदाच माफी मागावी आणि जे उत्तर अर्धं राहिलं होतं, त्याचं शेवटचं वाक्य पुन्हा बोलून तिथूनच पुढे जावं.