भरडधान्याच्या अभ्यासाचे नाव कसे घडते

विद्यापीठांच्या अभ्यासांना अनेकदा संक्षेपनाम (मोठ्या शीर्षकातून घडवलेला, एक शब्द म्हणून बोलता येणारा छोटा शब्द) असते. ते प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरातूनच व्हायला हवे, असा समज होऊ शकतो. तसा नियम नाही.

लहान भरडधान्यांवर 2011 मध्ये भारत, नेपाळ व श्रीलंकेत सुरू झालेला प्रकल्प पाहा : 'रिव्हॅलोरायझिंग स्मॉल मिलेट्स इन रेनफेड रीजन्स ऑफ साउथ एशिया'. मुख्य शब्दांची आद्याक्षरे घेतली तर आर-एस-एम-आर-आर-एस-ए. हे जिभेवर बसत नाही. म्हणून 'रे', 'स्', 'मि', 'सा' असे तुकडे घेऊन 'रेस्मिसा' केले. घरात ज्ञानेश्वरला 'ज्ञानू' म्हणतात, तसेच हे. मात्र 'रेनफेड', म्हणजे कोरडवाहू, हा महत्त्वाचा शब्द त्यात गळला.

आता समजा, 'पांढुर्णा-सौंसर कोरडवाहू ज्वार अभ्यास' करायचा आहे. गावांवरून 'पांसौज्वार' सुचेल. पण या भागात मराठीबरोबर हिंदीही बोलली जाते. ऐकणाऱ्याला हिंदीतले 'पान्सो', म्हणजे पाचशे, वाटेल. 'कोज्वार' अधिक बरे. कागद न दाखवता ते चार शेतकऱ्यांना ऐकवावे आणि परत म्हणायला सांगावे. प्रत्येकाने वेगळे म्हटले तर बदलावे. गावे त्यात येत नाहीत, म्हणून अहवालात पहिल्यांदा पूर्ण शीर्षक लिहावे आणि संक्षेपनाम त्यानंतर कंसात द्यावे.