यंत्राचा आवाज, मराठीची चाल (भाग ४): रायगडाचा परिच्छेद

गेल्या भागात निवेदनासाठी आवाज निवडला. आता त्याला मजकूर द्यायचा. रायगडावरच्या ध्वनिमार्गदर्शिकेसाठी हा परिच्छेद लिहिला आहे असं समजा: ‘६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. गड सुमारे ८२० मी. उंच असून भोवती खोल दऱ्या आहेत. बाजारपेठेतून पुढे जाताना जगदीश्वराचं मंदिर लागतं.’

वाचायला यात काहीच खटकत नाही. यंत्राला मात्र इथे अनेक अडचणी आहेत. ‘१६७४’ हे ते ‘एक हजार सहाशे चौऱ्याहत्तर’ असं हिशेबाच्या चालीत वाचू शकतं, म्हणून ‘सोळाशे चौऱ्याहत्तर’ असं अक्षरीच लिहावं. ‘मी.’ म्हणजे मीटर हे त्याला कळेलच असं नाही. ते ‘मी’ असा उच्चार करून टिंबाशी वाक्य संपवतं आणि ‘उंच असून’ वेगळ्याच सुरात सुरू होतं. ‘दऱ्या’ तर नीट टाइप झालंय की नाही हेच आधी पाहावं लागतं. त्यातला र साधा पडला तर शब्द ‘दर्या’ होतो आणि गडाभोवती समुद्र पसरतो. फाइल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना हे घडू शकतं, म्हणून अंतिम मजकुरात ‘र्य’ असलेले सगळे शब्द शोधून पाहावेत.

आता खरा कस. शेवटच्या वाक्यात तीन ज आहेत. ‘बाजार’ आणि ‘जाताना’ यांतला ज आपण दंततालव्य उच्चारतो, म्हणजे जीभ दातांजवळ जाते. ‘जगदीश्वर’ मात्र संस्कृत शब्द, त्याचा ज तालव्य, ‘जीवन’मधल्यासारखा. अक्षर एकच, उच्चार दोन, आणि लिपी यातलं काहीच सांगत नाही. च चंही तसंच: ‘महाराजांचा’मधला चा दंततालव्य, तर ‘महाराजांची’मधली ची तालव्य. षष्ठीचा हा प्रत्यय जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतो. तो सरसकट तालव्य झाला की ऐकणाऱ्याला दोन वाक्यांतच वाटतं, हा माणूस हिंदी वळणाचं मराठी बोलतोय. निवेदन परकं वाटण्यामागे आवाजाच्या पोतापेक्षा हे कारण मोठं आहे, असं माझं ठाम मत आहे.

उपाय दोन. वाचनसूचनांच्या खुणांमध्ये (एसएसएमएल) एखाद्या शब्दाचा उच्चार ध्वनिलिपीत देता येतो:

```
<phoneme alphabet="ipa" ph="d͡zaːtaːnaː">जाताना</phoneme>
```

पण प्रत्येक आवाज ही खूण पाळतोच असं नाही. आधी एकाच शब्दावर चालवून पाहा. फरक पडला नाही तर शब्दच बदला. ‘तो जात आहे’मधला ‘जात’ समाजातल्या ‘जात’सारखा वाचला गेला, तर ‘तो निघाला आहे’ लिहून मोकळं व्हावं. ‘लागतं’, ‘मंदिराचं’ यांतल्या अनुस्वाराचा ‘म्’ किंवा ‘न्’ होत असेल, तर संपूर्ण संहिता ‘लागते’, ‘मंदिराचे’ अशी करावी. थोडी पुस्तकी वाटेल, पण एकसारखी राहील. दोन्ही रूपं मिसळलेली सर्वात वाईट.

मग गती. यंत्र भरभर वाचतंय असं वाटलं की बहुतेक जण वेग कमी करतात. त्याने प्रत्येक स्वर ताणला जातो आणि वाक्य रेंगाळतं. माणूस सावकाश सांगतो तेव्हा शब्द फारसे ताणत नाही, थांबतो. म्हणून वेग तसाच ठेवून विराम वाढवा:

```
सहा जून सोळाशे चौऱ्याहत्तर.<break time="600ms"/>
या दिवशी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला.<break time="900ms"/>
```

इथे ‘रोजी’ गेलं, कारण ते बातमीतलं आहे, बोलण्यातलं नाही. तारीख सुटी काढल्याने ऐकणाऱ्याला ती मनात ठेवायला सवड मिळते. पण सगळीच वाक्यं अशी तोडू नयेत. बरीच यंत्रं प्रत्येक वाक्य स्वतंत्र घडवतात: सूर वरून सुरू होतो, पूर्णविरामाला खाली येतो. सारख्या लांबीची छोटी वाक्यं ओळीने आली की तोच चढउतार परत परत ऐकू येतो, पाढे म्हटल्यासारखा. म्हणून पुढचं वाक्य लांबच ठेवलं: ‘गड सुमारे आठशे वीस मीटर उंच आहे, आणि त्याच्या भोवती खोल दऱ्या आहेत.’ स्वल्पविरामाशी सूर अधांतरी राहतो, पुढे काही येणार हे कळतं.

तपासताना मजकूर समोर ठेवू नका. डोळ्यांनी वाचलेला शब्द कानाला बरोबरच ऐकू येतो. संहिता न पाहिलेल्या कुणाला तरी ऐकवा आणि जिथे त्याला ‘काय म्हणाला?’ असं विचारावं लागेल तिथली वेळ टिपून ठेवा.

पुढील भागात: संवाद असलेली गोष्ट आणि दोन आवाज.